“काही नाही, जरा थकलेय”: खचत चाललेल्या सहकाऱ्याशी कसं बोलावं

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला वेगळ्याच प्रकारची माहिती असते. त्याच्या घरी कोण कोण आहे हे कदाचित नीट ठाऊक नसतं. पण तो किती वाजता येतो, मेलला किती वेळात उत्तर देतो, मीटिंगमध्ये कुठल्या मुद्द्यावर हमखास बोलतो, हे आपण दिवसाचे आठ-नऊ तास नकळत पाहत असतो. त्यामुळे माणूस आतून खचायला लागला की कधीकधी घरच्यांच्याही आधी ते सहकाऱ्यांना जाणवतं. अडचणही तिथेच सुरू होते. दिसतं, पण विचारायचा हक्क आपल्याला कितपत आहे हे कळत नाही. मग आपण गप्प राहतो. गप्प राहवलं नाही तर एकदम खोलात शिरतो.

मी एकदा खोलात शिरलो होतो. माझा एक सहकारी काही आठवडे फार गप्प झाला होता. प्रिंटरपाशी कागद घ्यायला उभे असताना मी त्याला म्हणालो, “तुला डिप्रेशन आलंय असं वाटतंय, एकदा डॉक्टरला दाखव ना.” माझ्या मनात काळजीच होती. तो हसला, “नाही रे, झोप होत नाही एवढंच,” म्हणाला आणि पुढचे तीन महिने मला टाळत राहिला. त्या काळात त्याला कुणाची तरी गरज होती आणि त्या यादीतून माझं नाव मीच खोडलं होतं.

माझं काय चुकलं ते समजायला वेळ लागला. मी त्याला जे दिसलं ते सांगितलं नव्हतं, त्यावरून मी जे ठरवलं होतं ते सांगितलं होतं. “तू हल्ली मीटिंगमध्ये बोलत नाहीस” हे त्याला खोडता आलं नसतं आणि त्यात लागण्यासारखंही काही नव्हतं. “तुला डिप्रेशन आहे” हा मात्र निवाडा होता. तो द्यायचा अधिकार मला नव्हता, आणि शेजारून कुणी कागद घ्यायला येत असताना तर नव्हताच. या लेखात मी मुख्यतः त्या पहिल्या बोलण्याबद्दल आणि त्यानंतरच्या काही दिवसांबद्दल लिहितो आहे, कारण सहकाऱ्याच्या हातात जे खरोखर असतं ते बहुतेक तिथेच असतं.

आधी काय पाहायचं

डॉक्टर नैराश्याचं निदान करताना नऊ लक्षणांची यादी समोर ठेवतात. मन सतत उदास असणं, कशातच रस न उरणं, झोप आणि भूक बिघडणं, थकवा, हालचाली किंवा बोलणं मंदावणं अथवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, एकाग्रता तुटणं, स्वतःला नालायक किंवा अपराधी समजणं आणि मरणाचे विचार. यातली किमान पाच, बहुतेक दिवस, किमान दोन आठवडे असायला हवीत, आणि त्यांत पहिल्या दोघांपैकी एक हवंच. ही यादी इथे दिली ती तुम्ही कुणाला गुण द्यावेत म्हणून नाही. यातली निम्मी लक्षणं ऑफिसात दिसतच नाहीत, आणि जी दिसतात ती थायरॉइडच्या आजारात, रक्त कमी झाल्यावर, घरी तान्हं बाळ असताना, कर्जात अडकल्यावर किंवा घरात मारहाण सोसताना, कशातही दिसू शकतात. म्हणून नाव देण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्याला फक्त दोन गोष्टी पाहायच्या आहेत. हा माणूस स्वतःच्याच नेहमीच्या वागण्यापेक्षा बदलला आहे का? आणि तो बदल दोन-तीन आठवडे टिकून आहे का?

तुलना त्याची त्याच्याशीच करायची, हे फार महत्त्वाचं आहे. मुळात अबोल असलेला माणूस अबोल आहे, यात काळजीचं काही नाही. नेहमी भांडून मुद्दा मांडणारा माणूस “तुम्ही म्हणाल तसं” म्हणू लागला, तर मात्र आहे. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नैराश्य कामाच्या ठिकाणी दर वेळी रडक्या चेहऱ्याने येत नाही. अनेकदा ते चिडचिड होऊन येतं, किंवा साध्या निर्णयाला लागणारा वेळ होऊन येतं. दोन ओळींचा मेल लिहायला माणूस पाऊण तास घेतो, लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. बाहेरून तो आळस वाटतो. त्याला स्वतःलाही तो आळसच वाटत असतो, आणि त्याची शरम वाटून तो आणखी मागे सरतो.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, तुमच्या टीममध्ये महिनाअखेरीचे हिशेब जुळवणारी एक सहकारी आहे. सहा वर्षं तुम्ही शेजारी बसता. तिच्या आकड्यांवर सगळ्यांचा डोळे मिटून विश्वास. गेल्या पाच आठवड्यांत तिने दोनदा एकच रक्कम दोन ठिकाणी धरली. ऑनलाइन मीटिंगमध्ये तिचा कॅमेरा बंद असतो. दुपारच्या सुट्टीत ती तुमच्याबरोबर येत नाही, “तुम्ही व्हा पुढे” म्हणते. ग्रुपवर कुणी काही मजेशीर टाकलं की पहिली प्रतिक्रिया तिची असायची, आता ती वाचतही नाही. आणि परवा चूक दाखवल्यावर ती पटकन म्हणाली, “माझ्यामुळे सगळ्यांनाच त्रास होतोय.”

बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी हे शेवटचं वाक्य कानांतून जाऊ देऊ नये. चुकीबद्दल वाईट वाटणं वेगळं आणि आपण इतरांना ओझं झालोय असं वाटणं वेगळं. हे ओझं असल्याचं वाटणं आत्महत्येच्या विचारांच्या आसपास वारंवार आढळतं. तिच्या मनात तसं असेलच असं नाही. पण आता थांबू नका, बोला.

पहिलं बोलणं

जागा आणि वेळ आधी ठरवा. कुणाच्या कानावर जाणार नाही अशी जागा हवी, पण दार बंद केलेली मीटिंग रूम नको, कारण तिथे बोलावलं की माणसाला आधी आपली झडती होणार असंच वाटतं. बाहेर दहा मिनिटं चालत बोलणं मला सगळ्यांत सोपं वाटतं. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत पाहावं लागत नाही आणि मधली शांतता अवघड वाटत नाही. कामातली चूक नुकतीच निघाली असेल तर त्याच दिवशी बोलू नका, नाहीतर तुमच्या काळजीला चौकशीचा वास येईल. आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळीही नको. मन उघडं करून माणूस दोन दिवस एकटा पडतो. आणि चॅटवर तर नकोच. लिहिलेला शब्द पुढे जाऊ शकतो, ही भीती त्याला असते, आणि ती रास्त आहे.

आता वाक्य. सगळ्यांत उपयोगी पडलेला साचा असा: आधी जे दिसलं ते, मग ते का सांगतोय ते, आणि शेवटी नकार द्यायला मोकळीक. आपल्या उदाहरणात हे असं होईल:

“हल्ली तू सुट्टीत आमच्याबरोबर येत नाहीस, आणि मीटिंगमध्येही गप्प असतेस. परवा तू म्हणालीस ना, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय, ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. मला काळजी वाटली म्हणून विचारतोय. बोलायचं नसेल तर काही हरकत नाही.”

यात निदान कुठेही नाही. “सगळे म्हणतायत” नाही. हे दोन शब्द कधीच वापरू नका. आपल्या पाठीमागे चर्चा चालली आहे हे कळलं की खचलेला माणूस दार आतून लावून घेतो. आणि यात “का” नाही. “तू अशी का वागतेस” या प्रश्नाला फक्त बचावाचं उत्तर येतं.

समोरची व्यक्ती वयाने किंवा हुद्द्याने मोठी असेल तर आपण कचरतो. “सर, तुम्हाला काय होतंय” असं विचारणं आगाऊपणाचं वाटतं. अशा वेळी प्रश्न विचारूच नये, नुसतं सांगावं: “सर, गेले काही दिवस तुम्ही खूप दमलेले दिसताय. माझ्याकडून काही हलकं करता येत असेल तर मला आवडेल.” एवढं बोलून थांबावं. उत्तर द्यायचं की नाही, ते त्यांच्यावर सोपवावं.

आता बहुधा काय होईल? ती म्हणेल, “काही नाही गं” किंवा “काही नाही रे, जरा थकलेय.” पहिल्या खेपेला हेच उत्तर येतं, आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. काही जण खोदत बसतात, “नाही, काहीतरी आहे, मला कळतंय.” काही जण सुटकेचा श्वास टाकतात आणि पुन्हा विषय काढत नाहीत. दोन्हीपेक्षा सोपं आहे ते असं: “बरं. मी परत विचारलं तर चालेल ना?” ती मान हलवेल. मग चार-पाच दिवसांनी, दुसरं काहीतरी बोलता बोलता, खरोखरच परत विचारा.

या परत विचारण्याला मी एवढं महत्त्व का देतो, त्यामागे एक जुना अभ्यास आहे. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या धोक्यामुळे रुग्णालयात राहून गेलेल्या माणसांचा माग ठेवला. त्यांतल्या ८४३ जणांनी पुढचे उपचार नाकारले किंवा मध्येच सोडले होते. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं, वर्षातून किमान चार वेळा, रुग्णालयातून छोटंसं पत्र जायचं. तुमची आठवण आहे, बरं असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, एवढाच मजकूर. उपचारांना या, गोळ्या घ्या, माहिती भरून पाठवा, असं काहीच नाही. दुसऱ्या गटाला पत्र गेलं नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी होत्या, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक स्पष्ट होता. नंतर अशाच धर्तीवर झालेल्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठळक परिणाम दिसला नाही, आणि ऑफिस म्हणजे रुग्णालयही नाही. पण त्या पत्रांचा घाट मला सहकाऱ्यासाठी अगदी योग्य वाटतो. संपर्क नियमित, आणि त्यात मागणी शून्य. “आज तुझी आठवण आली, उत्तर नाही दिलंस तरी चालेल” हा मेसेज आठवड्यातून एकदा जाणं हे मर्यादा ओलांडणं नव्हे. रोज रात्री “कशी आहेस? जेवलीस का? उत्तर का देत नाहीस?” हे मात्र आहे.

ती बोलायला लागली तर

समजा दुसऱ्या खेपेला ती बोलली. घरी वडिलांचं आजारपण बरेच महिने चाललंय, रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग झोप लागत नाही, सकाळी अंथरुणातून उठणं म्हणजे डोंगर चढल्यासारखं वाटतं, आकडे डोळ्यांसमोर असून डोक्यात शिरत नाहीत.

ऐकताना तोंडाशी उपाय येतात. पहाटे चालायला जा, सुट्टी घे, माझ्या मावशीचं असंच झालं होतं. ते गिळा. उपाय वाईट असतात म्हणून नव्हे. नैराश्यातल्या माणसाने त्यांतले बहुतेक स्वतःला शंभरदा सुचवलेले असतात आणि जमलेले नसतात. तुमची सूचना त्याच्या हिशेबात आणखी एक अपयश जमा करते. “जरा सकारात्मक विचार कर” तर त्याहून वाईट, कारण त्याचा अर्थ त्याच्या कानांपर्यंत पोचतो तो “तुझ्यातच काहीतरी कमी आहे” असा.

उपायांऐवजी दोन प्रश्न पुरतात. “यातलं सध्या सगळ्यांत जड काय जातंय?” आणि “हे आणखी कुणाला माहीत आहे का?” पहिल्या प्रश्नामुळे सगळं एकदम कोसळल्यासारखं वाटणाऱ्या माणसाला त्यातला एक तुकडा वेगळा करून पाहता येतो. दुसऱ्यामुळे तुम्हाला कळतं की तिला दुसरा आधार आहे की तुम्हीच पहिले आहात. घरातली भांडणं, पैशांची रक्कम, आजाराचे तपशील ती सांगेल तेवढेच. मी स्वतःला एक कसोटी लावतो: हा प्रश्न मी तिला मदत व्हावी म्हणून विचारतोय, की मला कळावं म्हणून? दुसरं असेल तर विचारत नाही.

मदत देऊ करताना “काही लागलं तर सांग” हे वाक्य सगळेच वापरतात आणि ते जवळजवळ निरुपयोगी असतं. काय लागतंय ते ओळखणं, त्यासाठी शब्द शोधणं आणि मागण्याची लाज गिळणं, ही तिन्ही कामं त्या वाक्याने तिच्याच अंगावर टाकली जातात, आणि नेमकी तीच कामं तिला सध्या जमत नाहीयेत. त्याऐवजी छोटं, ठरावीक आणि संपणारं काहीतरी द्या. “या महिन्याचे जुळणीचे आकडे तू केल्यावर मी एकदा तपासून देतो. फक्त या महिन्यापुरतं.” यात काम तिचंच राहतं, चूक बाहेर जात नाही आणि मुदत ठरलेली असते.

मुदत का हवी? अनेक भली माणसं इथे फसतात. ती सहकाऱ्याचं काम हळूहळू स्वतःकडे ओढून घेतात, गुपचूप रात्री बसून पुरं करतात, आणि वरिष्ठांना काही कळू देत नाहीत. दोन महिन्यांनी त्यांचा स्वतःचा संताप सुरू होतो. दरम्यान, ज्याला रजेची किंवा कामाच्या बदलाची खरोखर गरज होती, त्याची गरज कुणाला दिसलेलीच नसते. झाकून ठेवलेली मदत ही आजाराला झाकून ठेवणंही असते.

डॉक्टरांकडे जाण्याबद्दल बोलायचंच, पण “तू डॉक्टरला दाखव” असं नाही. खचलेल्या माणसासाठी अडचण बहुधा इच्छेची नसते, पायऱ्यांची असते. कुणाकडे जायचं, फोन कोण करणार, काय सांगायचं, कामातून वेळ कसा काढायचा. त्यामुळे आधी तिला विचारा, “एखाद्या डॉक्टरशी बोलावंसं वाटतं का?” हो म्हणाली तर पायऱ्या कमी करा. सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून केली तरी चालते, हे अनेकांना माहीत नसतं आणि ऐकून हायसं वाटतं. ती नंबर लावेपर्यंत शेजारी बसा, पण नंबर तिलाच लावू द्या. डॉक्टरांना काय सांगायचं ते दोन ओळींत कागदावर लिहायला मदत करा: झोप, कधीपासून, कामावर काय परिणाम. आणि त्या वेळेपुरतं तिचं काम सांभाळा.

गोळ्या सुरू झाल्या तर एक माहिती उपयोगी पडते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक दिसायला त्याहून जास्त. मळमळ, अस्वस्थता असे त्रास मात्र पहिल्याच दिवसांत होऊ शकतात. म्हणजे आधी फक्त त्रास जाणवतो, फायदा नाही. याच काळात माणसं औषध सोडतात. त्या वेळी “मग बंद कर ना” म्हणायचं नाही आणि “घेतच राहा” असा हुकूमही सोडायचा नाही. “हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगू या का?” एवढंच म्हणायचं. मळमळीपेक्षा वेगळं काही दिसलं, म्हणजे बेचैनी एकदम वाढली किंवा मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळलं पाहिजे.

जो प्रश्न विचारायला जीभ वळत नाही

तिने “ओझं” म्हटलं होतं. पुढे बोलता बोलता ती म्हणाली, “कधीकधी वाटतं, मी नसलेच तर सगळ्यांची सुटका होईल.” इथे विषय बदलू नका आणि “असं बोलू नये” असंही म्हणू नका. स्पष्ट विचारा:

“म्हणजे मरून जावं असे विचार येतात का? आत्महत्येचे?”

विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. ती तपासून पाहिली गेली आहे. २००५ मध्ये अमेरिकेत दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या एका अभ्यासात अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तर प्रश्न विचारलेल्या गटात असे विचार वाढलेले नव्हते. उलट जी मुलं आधीच धोक्यात होती, त्यांना विचारल्यानंतर थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं. पुढे मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासांतूनही विचारण्याने धोका वाढतो असं निघालेलं नाही. शब्द मात्र सरळ हवेत. “तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?” या प्रश्नात हवं असलेलं उत्तर आधीच भरलेलं असतं. तिला “नाही” म्हणण्यावाचून वाव राहत नाही.

ती “नाही, तसं नाही, फक्त खूप कंटाळलेय” म्हणाली तर विश्वास ठेवा. आणि सांगा, “कधी तसं वाटलं तर मला सांगशील?” ती “हो” म्हणाली तर आणखी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात: हे नुसतं मनात येतं की कसं आणि केव्हा हेही ठरवलं आहे, आणि आजची रात्र ती कुणाबरोबर असणार आहे. नुसते विचार येत असतील तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठायचे, घरच्या एका माणसाला तिच्याच तोंडून किंवा तिच्यासमोर सांगायचं. ठरवलेलं असेल, वेळ मनात असेल, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नये. तातडीच्या सेवेला किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला तिथूनच फोन लावावा, घरच्या माणसाला बोलवावं, आणि ज्याने ती स्वतःला इजा करू शकेल ते तिच्यापासून दूर ठेवायला घरच्यांना सांगावं. आपल्या भागातले हे नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा. त्या घडीला ते शोधायला हात थरथरतात.

आणखी एक खूण. अनेक आठवडे कोसळलेला माणूस, परिस्थिती काहीच बदललेली नसताना, एकाएकी शांत आणि हलका दिसू लागला, टेबल आवरू लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, निरोपासारखं बोलू लागला, तर “बरं झालं, सावरली” असं म्हणून मोकळे होऊ नका. कधीकधी ती शांतता निर्णय झाल्याची असते. त्याच दिवशी विचारा.

“पण कुणाला सांगू नकोस हं.” हे ती म्हणणारच. म्हणून हे उत्तर आधीच तयार ठेवा, आणि तिने मन उघडण्याआधीच सांगा: “तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, आणि तेव्हाही आधी तुला सांगूनच पुढे जाईन.” गुपिताचं वचन सरसकट दिलं की नंतर ते मोडताना विश्वास तुटतो. हद्द आधीच सांगितलेली असली की तुम्हाला खोटं ठरावं लागत नाही.

वरिष्ठ, टीम आणि तुम्ही स्वतः

जिवाचा धोका नसेल तर वरिष्ठांना किंवा एचआरला काय सांगायचं ते तिनेच ठरवायचं. तुम्ही तिला शब्द शोधून देऊ शकता. आजाराचं नाव सांगायची गरज बहुतेक वेळा नसतेच, गरज सांगितली की पुरतं: “तब्येतीच्या कारणाने पुढचे सहा आठवडे मला सकाळी तासभर उशिरा यायला लागेल, आणि एका वेळी एकच मुदतीचं काम हवंय.” टीममध्ये कुणी विचारलं, “हिला काय झालंय?” तर उत्तर एकच: “तिलाच विचार.” सहानुभूतीने केलेली कुजबुजही कुजबुजच असते.

तुम्ही स्वतः तिचे वरिष्ठ असाल तर तुमचं वजन वेगळं आहे, आणि तुमचा साधा प्रश्नही तिच्या कानांना मूल्यमापनासारखा वाटू शकतो. त्यामुळे कामगिरीचं बोलणं आणि काळजीचं बोलणं वेगवेगळ्या दिवशी ठेवा. आजार कोणता ते विचारू नका. कामात काय अडतंय ते विचारा. उपयोगी बदल बहुधा साधे असतात: तोंडी सूचनांऐवजी लेखी, मोठ्या कामाचे दिवसभराचे तुकडे, आणि “हे आधी, ते नंतर” असा क्रम तुम्हीच लावून देणं, कारण नैराश्यात क्रम लावणंच सगळ्यांत अवघड जातं. दर दोन आठवड्यांनी बसून हे बदल ठेवायचे की काढायचे ते पाहा. न विचारता तिच्याकडची जबाबदारीची कामं काढून घेऊ नका. भलं करायच्या हेतूने केलेलं असलं तरी तिला त्यातून “मी आता उपयोगाची नाही” हेच ऐकू येतं.

आपण हद्द ओलांडतोय हे कसं कळतं? तिच्या न कळत तिच्या घरी फोन केला असेल, जिवाला धोका नसताना. रात्री तिचं “लास्ट सीन” पाहत असाल. ती दुसऱ्या कुणाशी बोलली हे कळून किंचित वाईट वाटलं असेल. तिने डॉक्टरांची वेळ चुकवली म्हणून रागावलात. या खुणा आपल्याला खलनायक ठरवत नाहीत. सहकाऱ्याची जागा सोडून आपण उपचार करणाऱ्याच्या किंवा पालकाच्या जागी जाऊन बसलोय, एवढंच त्या सांगतात. तिथून परत यायचं असेल तर वेळेची सीमा उघड सांगावी: “रात्री दहानंतर मी फोन पाहत नाही. तेव्हा फार जड झालं तर हेल्पलाइनला नाहीतर बहिणीला लाव, आणि सकाळी मला सांग.” हे कठोर वाटेल. पण मध्यरात्री एकच नंबर आठवणाऱ्या माणसाकडे तुम्ही दोन नंबर देऊन जाता.

उदाहरणातली सहकारी पुढे फॅमिली डॉक्टरांकडे गेली, तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे. तिसऱ्या आठवड्यात तिची झोप थोडी सुधारली. सहाव्या आठवड्यात तिने आकडे एकटीने जुळवले. सातव्यात पुन्हा दोन दिवस वाईट गेले आणि ती आली नाही. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तुम्ही “काय झालं होतं?” असं विचारलं नाहीत. “आलीस, बरं वाटलं,” म्हणालात आणि तुमच्या कामाला लागलात. दुपारच्या सुट्टीत ती तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. “चल,” म्हणाली, “आज मी येते.”